न थांबणारी गाडी

आमच्या डेपोत ड्रायव्हरकाकांना सगळे 'घड्याळ' म्हणतात. तोंडावर काका, मागे घड्याळ. गाडी सुटायची वेळ झाली की त्यांचा पाय क्लचवर असतो, आणि पोचायची वेळ झाली की गाडी फलाटाला लागलेली असते. मधल्या सगळ्या रस्त्यात ते एकदाही उतरत नाहीत. पाणी पीत नाहीत, म्हणून उतरावं लागत नाही. त्यांच्या मते हा शिस्तीचा भाग. माझ्या मते हा आडमुठेपणा. पण मी पडले कंडक्टर. माझ्या मताला तिकिटाएवढीही किंमत नाही.

पाणी मीही पीत नव्हते. त्याला शिस्त नव्हे, नाइलाज म्हणतात. सकाळी घरून निघताना चहा अर्धाच घ्यायचा आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत ओठ चाटत बसायचं. लांबचा रस्ता, मध्ये एकही थांबा नाही. डोकं ठणकायचं, लघवीला जळजळ व्हायची, वर्षातून दोनदा तरी औषध घ्यावं लागायचं. शेवटी मी अर्ज केला: अर्ध्या वाटेवरच्या पेट्रोल पंपावर दहा मिनिटं थांबा द्यावा, तिथे स्वच्छतागृह आहे. डेपोच्या साहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "अहो, काका इतकी वर्षं तीच गाडी चालवतायत. त्यांना कधी काही लागलं नाही. तुम्हालाच कसं लागतं?"

अर्ज त्यांच्याच टेबलावर ठेवून मी बाहेर आले.

मग काकांच्या घोट्यावर गळू झालं. क्लच दाबताना कळ यायची. डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या, सकाळी एक आणि दुपारी एक. सकाळची ते घरी काकूंच्या देखरेखीखाली घ्यायचे. दुपारची आमच्या हाती, म्हणजे कुणाच्याच हाती नाही. गाडी पलीकडच्या टोकाला रिकामी झाली की काका मागच्या लांब सीटवर आडवे व्हायचे, तोंडावर रुमाल घ्यायचे, आणि तसेच पडल्या पडल्या कॅप्सूल जिभेवर ठेवून कोरडी गिळायचे. घोट न घेता.

"काका, पाणी तरी घ्या," मी एकदा म्हटलं.

"पाणी कशाला? लाळ काय फुकट दिलीय का देवाने?"

वर, गिळून झाल्यावर, जीभ बाहेर काढून मला दाखवायचे. बघ, गेली. आणि लगेच घोरायला लागायचे. मला तेव्हा हसू यायचं, हे खरं आहे.

चौथ्या की पाचव्या दिवशी परतीच्या वाटेवर त्यांचा डावा हात स्टिअरिंगवरून सुटून छातीवर गेला. मी पुढच्याच सीटवर बसून हिशेब करत होते, म्हणून दिसलं. चेहरा ओढलेला होता, कपाळावर घाम.

"काय होतंय?"

"काही नाही. वारा धरलाय."

डेपोत पोचल्यावर त्यांनी मला गाड्या धुतात त्या रॅम्पच्या मागे बाजूला घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचा आवाज बारीक ऐकू आला. छातीच्या मधोमध, हाडाच्या मागे दुखतंय, म्हणाले. दोन दिवस झाले. "कुणाला बोलू नकोस, ताई. पुढच्या महिन्यात वैद्यकीय तपासणी आहे. हृदयाचं काही निघालं की गाडीवरून काढतात. स्टोअरमध्ये टायर मोजत बसवतील मला."

"अहो, पण गाडीत माणसं असतात."

"माहीत आहे. मलाच नाही का माहीत?"

त्यांचे डोळे भरून आले होते. गाडी काढून घेतली तर या माणसाजवळ उरतं काय, हे मला समजत होतं. घरी ते पाहुण्यासारखे बसतात, असं काकूच सांगतात. पण मागे पस्तीस-चाळीस माणसं बसतात आणि त्यांच्या जिवाची जबाबदारी मला कुणी विचारून दिलेली नव्हती. मी म्हटलं, "उद्याचा दिवस बघते. उद्या दुखलं तर मी साहेबांना सांगणार." दिवसभराची मुदत दिली. आज वाटतं, ती मुदत द्यायचाही मला हक्क नव्हता.

आता काकांचं डोकं बघा. छातीत दुखतंय, ते कुणाला कळू द्यायचं नाही, मग काय करायचं? दुखण्याची गोळी घ्यायची. दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या सीटवर त्यांनी कॅप्सूल घेतली आणि तिच्या पाठोपाठ दुखण्याची गोळी घेतली. दोन्ही कोरड्या, दोन्ही आडवं पडून. जेवणाचा डबा उघडलाच नाही. "घास उतरताना टोचतो," म्हणाले. त्यांना वाटत होतं, हृदय इतकं बिघडलंय की आता जेवणसुद्धा सोसत नाही.

परतताना अर्ध्या वाटेवर गाडी थांबली.

जी गाडी माझ्यासाठी, बाळंतपणं झालेल्या बायकांसाठी, काठी टेकत चढणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी कधी थांबली नाही, ती रस्त्याच्या कडेला अगदी नीट, इंडिकेटर देऊन थांबली. काकांनी हँडब्रेक ओढला, किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. "माझ्याच्याने होत नाही. माणसं दुसऱ्या गाडीत बसव."

त्या क्षणी मला त्यांचा अभिमान वाटला. जी गाडी राखण्यासाठी ते दुखणं लपवत होते, ती त्यांनी लोकांच्या जिवापुढे एका किल्लीएवढी हलकी केली. मागून येणाऱ्या गाडीत मी माणसं चढवली, एक रिक्षा अडवली आणि काकांना घेऊन जवळच्या दवाखान्याकडे निघाले.

रिक्षात त्यांनी माझा हात धरला. "ताई, मरताना खोटं बोलू नये."

"मरत नाही तुम्ही."

"ऐक. तुझा तो अर्ज. साहेबांनी मला विचारलं होतं. मीच सांगितलं, थांबा देऊ नका म्हणून. म्हटलं, बायकांना गप्पा मारायला निमित्त पाहिजे असतं. मला माफ कर."

मी हात सोडला. मग त्यांनी कण्हत पुन्हा छातीवर तळवा ठेवला, म्हणून पुन्हा धरला. माणूस मरत असेल तर रागवायची सोय राहत नाही, आणि याचाच मला जास्त राग आला. "केलं माफ," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दवाखान्यात त्यांना लगेच आत घेतलं. छातीला तारा लावल्या, ईसीजीची पट्टी काढली, रक्त घेतलं. थोड्या वेळाने पुन्हा पट्टी, पुन्हा रक्त. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण घाई नव्हती त्यांना. सगळे कागद समोर ठेवून त्या म्हणाल्या, "हृदय चांगलं आहे तुमचं."

काकांनी डोळे उघडले. "नीट बघा."

"दोनदा बघितलं. छातीत दुखलं की आधी हृदयच बघायचं असतं, तुम्ही आलात ते बरोबरच केलंत. आता सांगा, गिळताना जास्त दुखतं का?"

"घास टोचतो."

"सध्या कोणती औषधं घेता? आणि कशी घेता?"

कॅप्सूल आणि गोळी काकांनी सांगितली. 'कशी' मी सांगितलं. मागची सीट, रुमाल, लाळ, जीभ, सगळं. काका माझ्याकडे बघत होते आणि मी थांबत नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग कागदावर एक नळी काढली. गोळी तोंडातून गेली म्हणजे पोटात पोचली असं नसतं, म्हणाल्या. आडवं पडून, कोरडी गिळली की ती मध्येच अन्ननलिकेच्या भिंतीला चिकटते. तिथेच विरघळते आणि तिथलं आतलं अस्तर भाजून काढते. ही कॅप्सूल त्यासाठी कुप्रसिद्धच आहे. आणि दुखायला लागल्यावर घेतली ती दुखण्याची गोळीही त्यातलीच. "म्हणजे जखमेवर तुम्ही स्वतःच रोज नवी जखम करत होता."

"म्हणजे मी मरत नव्हतो?" काकांनी विचारलं. आवाजात थोडी निराशा होती, असं मला वाटलं. एवढा मोठा कबुलीजबाब वाया गेला होता.

दोन्ही औषधं बंद झाली, गळवासाठी दुसरं पातळ औषध मिळालं, आम्ल कमी करणारी एक गोळी मिळाली, सकाळ-दुपार, दोन महिने. थोडे दिवस मऊ आणि गार खायचं. गिळताच आलं नाही किंवा उलटीत रक्त दिसलं तर लगेच यायचं, आणि दुखणं हटलंच नाही तर आत दुर्बीण घालून बघायचं. आणि यापुढे कुठलीही गोळी ताठ बसून किंवा उभं राहून घ्यायची. आधी एक घोट, मग गोळी, मग भरलेला पेला पूर्ण. त्यानंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

"पेलाभर पाणी?" काका म्हणाले. "मग रस्त्यात थांबावं लागेल."

"मग थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांना ते इतकं सोपं वाटलं.

आणि ते खरोखर इतकं सोपं निघालं. काका बरे होऊन आले, तपासणीत पास झाले, आणि साहेबांनी डॉक्टरांचा कागद वाचून त्याच दिवशी पेट्रोल पंपावर दहा मिनिटांचा थांबा मंजूर केला. कारण लिहिलं: चालकास औषध घेण्यासाठी. माझी जळजळ इतकी वर्षं कुणाला दिसली नाही, पण काकांच्या अन्ननलिकेसाठी वेळापत्रक बदललं. मैत्रिणी म्हणाल्या, सुंठीवाचून खोकला गेला, आनंद मान. मला आनंद झाला नाही. मी घरी जाऊन भांडी आपटली.

पहिल्या दिवशी गाडी पंपावर थांबली. काका खाली उतरले, गाडीला टेकून ताठ उभे राहिले, एक घोट घेतला, गोळी टाकली आणि पेला तोंडाला लावला. तेवढ्यात मागच्या दारातून बायका उतरायला लागल्या. एक, दुसरी, पोर कडेवर घेतलेली, सुनेचा हात धरलेली, कॉलेजच्या मुली, शेवटी काठी टेकत एक आजी. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सगळ्या सरळ एकाच दिशेने, जवळजवळ पळत निघाल्या. गाडी अर्धी रिकामी झाली.

काकांनी पेला अर्ध्यावर खाली घेतला. "एवढ्या सगळ्या?"

"रोज एवढ्याच असतात."

त्यांनी स्वच्छतागृहापुढच्या रांगेकडे बघितलं. "मला कुणी बोललं का नाही?"

"मी बोलले होते, काका. लिहून दिलं होतं."

त्यांनी पेल्यातलं उरलेलं पाणी संपवलं, आणि मीही विषय बदलून त्यांना सोपं करून दिलं नाही. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. आजी अजून रांगेतच होती. मी काकांच्या हाताकडे बघत होते, आता हॉर्न वाजवतील म्हणून. ते केबिनमध्ये चढले, पण हॉर्न वाजवला नाही. आपली भरलेली बाटली त्यांनी खिडकीतून माझ्यापुढे धरली.

"पी," म्हणाले. "तुझा नंबर येईपर्यंत गाडी हलत नाही."

रिक्षातली माफी मी मरणाऱ्या माणसाला दिली होती, ती मी धरत नाही. या जिवंत माणसाला ती द्यायची की नाही, ते माझं ठरलेलं नाही. पण मी बाटली घेतली, आणि सगळी प्यायले.