बावीस मिनिटांचं रेकॉर्डिंग

थोरलीच्या फोनला रेकॉर्डिंगचं बटण नव्हतं, आणि आईच्या गळ्याचं ऑपरेशन गुरुवारवर येऊन ठेपलं होतं. डॉक्टरांनी दादाला स्पष्ट सांगितलं होतं की स्वरयंत्र काढावं लागेल. आई वाचेल, पण आवाज जाईल. म्हणजे बुधवारचा व्हिडिओ कॉल हा आईच्या आवाजातला शेवटचा. तो थोरलीला जपून ठेवायचा होता, आणि त्यात एक वाक्य हवंच होतं. लहानपणापासून आई तिला म्हणायची, "माझी गुणी पोर." पन्नाशी उलटली तरी थोरलीचा जीव त्या तीन शब्दांत अडकलेला होता.

फोन दादाचा जुना. वरची पट्टी खाली ओढली की टॉर्च यायचा, आवाज बंद करायची घंटी यायची, विमान यायचं. थोरलीनं ते सगळं दोनदा दाबून पाहिलं. रेकॉर्डिंग काही सापडेना. कॉलच्या ॲपमध्येही तशी सोय नव्हती.

सोय निघाली ती धाकटीच्या फोनवर, म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. धाकटी पाचव्या वर्षी तापात बहिरी झाली, तेव्हापासून ओठ वाचते. बोलते नीट, फक्त आवाज सपाट, चढ-उतार नसलेला; गिऱ्हाईकं दचकतात म्हणून थोरलीनं तिला दुकानात न बोलण्याची ताकीद दिलेली. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली: दोन मशिनं, एक इस्त्री, कापायचं टेबल. पाटीवर नाव थोरलीचं. मागच्या खोलीत हातशिलाई, काज आणि बटणं धाकटीची. वीस वर्षं झाली. हे काम हवंय का, असं तिला कुणी कधी विचारलं नाही, आणि तिनं कधी तक्रार केली नाही असं थोरली सगळ्यांना सांगते.

धाकटीच्या बहिऱ्या मैत्रिणी होत्या. त्यांचे हातवाऱ्यांचे कॉल ती एका फुकटच्या ॲपनं रेकॉर्ड करायची आणि काम करता करता पुन्हा बघत बसायची. मंगळवारी थोरलीनं तिच्या खांद्यावर टिचकी मारली आणि तोंड मोठं करून विचारलं, "हे चांगलं येतं का?"

"एकदम स्वच्छ," धाकटी म्हणाली. "एक बोटसुद्धा सुटत नाही."

ते खरंच होतं. थोरलीनं तेच ॲप घेतलं. पडद्याच्या कडेला एक लाल ठिपका तरंगायला लागला. शिवणारी बाई कापायच्या आधी दोनदा मोजते, तसं तिनंही तपासलं. ठिपका दाबला, "हॅलो, हॅलो, एक दोन तीन" म्हटलं, बंद केलं, लावून ऐकलं. आवाज खणखणीत. तिनं तपासलं सगळं, फक्त कॉल न लावता.

बुधवारी अकराला दादाच्या घरून वहिनीचा कॉल आला; आई तिथंच राहायची. आईला स्वतःचा फोन नव्हता, आणि वहिनी फोन थोरलीलाच लावायची. बहिरीला कसला फोन, हे घरात ठरूनच गेलं होतं. थोरलीनं आधी ठिपका दाबला, ॲपनं विचारलेल्या प्रश्नाला होकार दिला, मग कॉल उचलला आणि फोन दोऱ्यांच्या डब्याला टेकवून ठेवला. आई पलंगावर बसली होती. आवाज घोगरा, पण आईचाच.

धाकटी मागच्या खोलीतून आली. हातात तिचा फोन, कॅमेरा उघडलेला. "मी पण काढते," ती म्हणाली. "आईचा चेहरा."

"तुझं काय मध्येच? मी काढतेय ना. तुला काय कळणार त्यातलं, मागे सर."

धाकटी मागे सरली. पण पाच मिनिटांनी आई हसली तेव्हा, एवढ्या लांबून ओठ वाचता येईनात म्हणून तिनं नेहमीसारखी थोरलीची बाही ओढली. "काय म्हणाली?"

"काही नाही. नंतर सांगते."

हे 'नंतर' गेली वीस वर्षं यायचंच राहिलं होतं. धाकटी आत जाऊन बटणं लावायला बसली.

थोरलीनं आईला जेवणाचं, औषधांचं विचारलं आणि गाडी हळूहळू हवी तिकडे वळवली. तुझं आजारपण मी काढलं, बाबांचं मी काढलं, ही बहिरी मी सांभाळली. नाही का गं? आईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "हो गं. माझी गुणी पोर." थोरलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं, पँट आजच हवी म्हणून अडून बसलं. "आलेच हं," असं फोनला सांगून थोरली उठली. तीनेक मिनिटं हुज्जत घालून परत आली. बाकीचं बोलणं किरकोळच झालं. कॉल संपला, तिनं ठिपका दाबला, फाइल आली. बावीस मिनिटं. वर आईचा चेहरा. तिनं ती लावली नाही. आवाज गेल्यावरच ऐकायचा असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

गुरुवारी दुपारी दादाचा निरोप आला: आत नेलं. थोरलीनं दुकानाचं दार लोटलं, इस्त्री बंद केली आणि फाइल लावली. आई दिसली. ओठ हलले. आवाज नाही. तिनं बाजूचं बटण शेवटपर्यंत दाबलं. पुढे ढकललं, मागे ओढलं. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत ती स्वतः मान डोलवत होती, तीही मुकी.

ती तशीच चपला अडकवून मोबाइलवाल्याकडे धावली. त्यानं फोन कानाला लावून पाहिला आणि परत दिला. "कॉल चालू असला की माइक कॉलच्या ॲपकडे असतो, मावशी. दुसऱ्या ॲपला तो नुसती शांतता देतो. आणि समोरच्याचा आवाज तर फोन आतून रेकॉर्ड करूच देत नाही. चित्र तेवढं येतं."

"मग परत आणता येईल का?"

"जे आलंच नाही ते परत कुठून आणू? साधं होतं. फोन स्पीकरवर ठेवायचा आणि दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यानं शूट करायचं. घरात दुसरा फोन नव्हता?"

होता. कॅमेरा उघडून समोर धरलेला होता.

घरी येऊन थोरलीनं धाकटीला दंडाला धरून उठवलं. मांडीवरची बटणं घरभर झाली. "एकदम स्वच्छ म्हणालीस! आवाज नाही त्यात. तू बहिरी ती बहिरी, मलाही बहिरं करून ठेवलंस."

धाकटीनं ओठ पूर्ण वाचले. मग म्हणाली, "मला कसं कळणार आवाज नाही ते?"

थोरलीनं तिच्या थोबाडीत मारली. वीस वर्षांत शब्दांवर भागत होतं, त्या दिवशी हात उठला.

संध्याकाळी निरोप आला: ऑपरेशन नीट झालं. थोरली रडली आणि रडून झाल्यावर तिच्या डोक्यात आलं की घरात एक जण आहे जिला ही फाइल वाचता येईल. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. तिनं चहा केला, धाकटीपुढे ठेवला आणि फोन तिच्या हातात दिला. "वाच. एकेक शब्द सांग. मी लिहून ठेवते."

धाकटीचा गाल अजून लाल होता. तिनं चहा बाजूला सारला आणि वाचायला लागली. सपाट आवाजात, एका सुरात, बाजारातली यादी वाचावी तसं. जेवण. औषधं. "माझी गुणी पोर." आईचे ते शब्द त्या आवाजात ऐकताना थोरलीला कसंसंच झालं, तरी तिनं लिहिले. चौकटीतली थोरली उठून गेली, रिकामी खुर्ची राहिली. आई मान वळवून वहिनीशी बोलू लागली. धाकटी थांबली.

"हे तुझ्यासाठी नाहीये," ती म्हणाली.

"वाच म्हटलं ना."

"बरं." तिनं फोन जवळ घेतला. "गेली का ती. बरं झालं. तिला ऐकायचं होतं, म्हटलं. म्हणायला काय पैसे पडतात. मग हात तोंडावर आलाय, दिसत नाही. मग, धाकटीला बोलाव म्हणून तीनदा सांगितलं, कानाआड करते. तिला मोलकरीण करून ठेवलंय. चूक माझी, मीच तिच्या हवाली केली. मग वहिनी काहीतरी विचारते. मग, उद्यापासून काय, त्या तापानंतर धाकटीशी मी कधी आवाजानं बोललेच नाही. तिचं काही अडणार नाही."

थोरलीची पेन्सिल 'म्हणायला' या शब्दावर थांबली होती. "खोटं," ती म्हणाली. "तू मनचं घालतेस. मारलं म्हणून सूड उगवतेस."

"वहिनीला विचार."

थोरलीनं लगेच वहिनीला फोन लावला. थोरलीचा प्रश्न ऐकून वहिनी म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?"

थोरलीनं फोन ठेवला. कागद फाडला नाही. घडी करून डब्यात टाकला, दोऱ्यांच्या खाली.

अठरा दिवसांनी पहिला कॉल आला. आईच्या गळ्याला पुढे भोक, त्यावर जाळीचं कापड. चेहरा उतरलेला, पण डोळे जागे. लिहिता तिला सहीपुरतंच यायचं. थोरली खुर्ची ओढून पुढे बसली. "आई, मी आहे गं. मी उठल्यावर तू वहिनीला म्हणालीस ते मला कळलं. 'गुणी पोर' मनापासून होतं का?"

आईचे ओठ हलले. बराच वेळ हलले. आधी हळू, मग भराभर. थोरलीला एक अक्षर कळेना. "पुन्हा सांग," ती म्हणाली. आईनं पुन्हा सांगितलं, मग थकून मान हलवली आणि बोटानं थोरलीच्या मागे दाखवलं.

मागे धाकटी उभी होती. थोरलीला उठावं लागलं. धाकटी खुर्चीत बसली आणि दोघी बोलू लागल्या. आवाज धाकटीनंही काढला नाही. तिचेही नुसते ओठ हलत होते. खोलीत फक्त इस्त्री तापल्याचा वास होता. मध्येच आईचे खांदे हलले आणि धाकटी हसली. इतकं मोकळं हसताना थोरलीनं तिला कधी पाहिलं नव्हतं. मग आईनं डोळे पुसले आणि एकच गोष्ट दोनदा सांगितली, पडद्यातून थेट थोरलीकडे बघत.

थोरलीनं धाकटीची बाही ओढली. "काय म्हणाली?"

धाकटीनं पडद्यावरची नजर हलवली नाही. बाही ओढलेली कळली, आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत मागे उभ्या बहिणीचे ओठही दिसले.

"काही नाही," ती आपल्या सपाट आवाजात म्हणाली. "नंतर सांगते."