न्हाणीतली गुडगुड

बा शनिवारच्या बसनं चांद्याला आला तेव्हा त्याच्या एका हातात सुकलेल्या मासोळ्यांची गठडी होती आणि दुसऱ्या हातात मडकं. मी धावत फाटकापाशी गेले. वाटलं, डोक्यावरून हात फिरवेल, शाळेचं विचारेल. त्यानं पहिलंच विचारलं, "न्हाणीघर झालं का वो तुमचं?"

"झालं ना! उद्या मिस्त्री ताब्यात देणार आहे."

"उद्या पाहतो. नीट असलं तं राह्य. नसलं तं सोमवारी माह्यासंग गावाले चाल."

गावाला जायचं म्हणजे शाळा सुटली. पण बाची चूक नव्हती. शकुबाईंच्या घरी आम्ही गडचिरोलीकडच्या मुली शाळेसाठी राहायचो, आणि रोज पहाटे अंधारात लोटे घेऊन झरपट नदीच्या काठाला जायचो. गेल्या महिन्यात वच्छलाच्या मागे रानडुक्कर लागलं. ती लोटा टाकून अशी पळाली की तिची एक चप्पल अजून सापडली नाही. आम्ही तर हसून हसून लोळलो, पण ही गोष्ट गावोगाव पोचली तेव्हा डुकराचा वाघ झाला होता. आमच्यातल्या प्रेमिलाचा बाप येऊन तिला घेऊनच गेला. मग शकुबाईंनी परसात न्हाणी आणि संडास एकाच छताखाली बांधायला काढला. तो नीट झाला तरच माझं मॅट्रिक होणार होतं, नाही तर तळ्यावर जाळी विणायला मी होतेच.

मनसाराम मिस्त्री नागपूरचा. मिशा अशा की बोलताना आधी त्या हलायच्या. "मी हात लावला ना, की पाइप घाबरून गळणं सोडते," असं तो स्वतःच सांगायचा. पण त्याची एक रीत होती. काम संपलं की मालकाच्याच हातानं एकेक गोष्ट करून पाहायला लावायचा, आणि ते झाल्याशिवाय नारळ फोडू द्यायचा नाही.

"एकदा नारळ फुटला, हळदकुंकू लागलं, की लोक नळाले देव समजतेत," तो म्हणायचा. "मंग देव गळला तरी कोणी सांगत नाई."

रविवारी सकाळी आम्ही सगळे परसात जमलो. शकुबाई पदर खोचून पुढे. बा जरा दूर, पेरूच्या झाडाखाली उकिडवा बसलेला. तो पहाटेच उठला होता. मी दात घासत असताना मला शिडी विचारली, मी दाखवली. कशाला हवी होती ते काही बोलला नाही.

"पहिलं टाकी," मिस्त्री म्हणाला. "वच्छला, काल रातच्याले तू गेरूची रेघ मारली होती ना? जा, पाह्य."

वच्छला वर चढून ओरडली, "पाणी रेघेवरच हाय!"

"सगळे नळ बंद होते, तरी पाणी उतरलं नाई. म्हणजे पाइप कुठी गळत नाई. पण माह्यावर भरवसा ठेवू नका. रंभे, हा सुका कागद घे अन् एकेका सांध्यावरून फिरव."

मी वर्तमानपत्राचा तुकडा घेऊन प्रत्येक सांधा पुसला. थेंब असता तर कागदावर लगेच डाग पडला असता. कागद कोराच. मी तो बासमोर नाचवला. त्यानं नुसती मान हलवली.

मग सगळे नळ एकदम सोडले. एक सोडला की दुसऱ्याची धार सुतासारखी होते, तसं झालं नाही. मग मिस्त्रीनं भिंतीतली चावी दाखवली. ती फिरवली की फक्त संडासाचं पाणी बंद होतं आणि आंघोळीचं चालू राहतं. "उद्या साखळीची टाकी बिघडली तं पूर्ण घर तहानलेलं नाई राहणार," तो म्हणाला. शकुबाईंनी चावी दोनदा बंद-चालू करून पाहिली.

मग फरशी. शकुबाईंनी बादली उपडी केली. पाणी खळखळत जाळीकडे गेलं, पण दाराजवळच्या कोपऱ्यात ओंजळभर तिथंच बसून राहिलं.

"हे काय, मिस्त्री?" शकुबाईंनी बोट दाखवलं. "इथी काय बदकं पाळायची काय?"

"गवंड्यानं घोळ केला," मिस्त्रीनं खडूनं खूण केली. "नारळाच्या आधी घासून देतो. म्हणून तं पाणी टाकून पाहतेत बाई. कोरड्या फरशीले कोणीबी सरळ म्हणते."

बा झाडाखालून उठून दारापर्यंत आला. मला बरं वाटलं. त्याला मजा येऊ लागली होती.

आता संडास. वर लोखंडी टाकी, तिला लोंबती साखळी. मिस्त्रीनं शिडीवर चढून टाकीत कपड्यांची नीळ टाकली आणि खाली उतरून मिशा पिळत उभा राहिला.

"आता काय?" बानं विचारलं.

"आता काईच नाई करायचं. वाट पाहायची. खालच्या भांड्यात निळं पाणी झिरपलं तं समजायचं टाकी आतून गळते."

आम्ही वाकून वाकून भांड्यातलं पाणी पाहत होतो. वच्छलाचं डोकं माझ्या डोक्यावर आपटलं. पाणी स्वच्छच राहिलं. मग मिस्त्रीनं ओल्या कागदाचे गोळे भांड्यात टाकले आणि मला म्हणाला, "वढ!"

मी साखळी ओढली. धबाऽऽधबा निळं पाणी आलं, सगळे गोळे घेऊन गेलं, भांड्यात पुन्हा पाणी उभं राहिलं. मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात न्हाणीतल्या जाळीतून आवाज आला. गुड. गुड. गुडगुडगुड.

मिस्त्रीच्या मिशा थांबल्या.

"पुन्हा वढ."

पुन्हा तेच. आणि या वेळी वास. तो सांगण्यासारखा नाही.

मिस्त्रीनं जाळी काढून आत पाहिलं. "इथं वाकड्या नळीत पाणी उभं राह्यलं पाहिजे," तो शकुबाईंना म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदा लहान झाला होता. "तेच खालच्या घाणीचं झाकण. संडासाचं पाणी जोरात जाते तवा त्याच्यामागं हवा लागते. ती वरून नाई भेटली की इथलं पाणी गटागटा ओढून घेते. झाकण गेलं, वास वर."

"वरून हवा यायले तुम्ही तो उंच पाइप लावला ना?" शकुबाई म्हणाल्या.

"लावला ना! काल दुपारीच त्याच्या तोंडावर हात धरून पाह्यला, मस्त वारा येत होता. म्हणजे खालीच कुठी तरी काई अडकलं. फरशी फोडा लागन." त्यानं कपाळाला हात लावला. "पंधरा-वीस दिवस तं जातेच."

बानं धोतर झटकलं. "रंभे, गठडी बांध."

"बा, पण..."

"पण काय? मी पाह्यलं ना आता. आवाज आला, वास आला. वीस दिवस पुन्हा नदीवर जाशील अन् मी तिकडं रातभर जागीन? चाल."

मी एरवी त्याच्यासमोर बोलत नसे. पण वर्गात आता मी उभी राहून प्रश्न विचारायचे, शाळेतल्या बाईसुद्धा म्हणायच्या की रंभाला उत्तर मिळाल्याशिवाय बसवत नाही. ते सगळं एकदम तोंडात आलं.

"गठडी मग बांधीन! मिस्त्री, धूर करून पाहायचं राह्यलं ना अजून? तुम्हीच काल सांगतलं होतं, शेवटी धूर करतेत म्हणून. फरशी फोडायच्या आधी धूर तं करा!"

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं, मग शकुबाईंकडे. "पोट्टी बराबर बोलून राह्यली," असं पुटपुटत त्यानं सगळ्या नळ्या जिथं मिळतात त्या बाहेरच्या हौदीचं झाकण उघडलं, तेलात भिजवलेल्या चिंध्या पेटवून घमेल्यात आत ठेवल्या आणि झाकण लावलं. "धूर नळीत शिरन. घरात एक वेटोळंबी नाई दिसलं पाहिजे. सगळा वरच्या पाइपातून बाहेर निघाला पाहिजे."

मिस्त्री हौदीपाशी थांबला, बाकी सगळे आत जाळीकडे पाहत बसले. मी मागच्या बाजूला धावले, कारण उंच पाइप तिकडे होता, पळसाच्या आड, परसातून दिसायचाच नाही. धूर वरून निघतो का ते कोणी तरी पाहायला नको का?

वर पाहिलं. धूर नव्हता. पाइपाचं तोंडही नव्हतं. तिथं एक मडकं उपडं बसलं होतं, काजळानं काळं केलेलं, त्यावर चुन्याचे पांढरे टिपके. मडक्याचा गळा पाइपावर घट्ट बसवून खाली ओल्या शेणमातीनं छान लिंपला होता. आणि बिचारा धूर हौदीच्या झाकणाच्या कडेनं निघून मिस्त्रीच्या डोळ्यात जात होता.

"मडकंऽऽ!" मी किंचाळले. "वर मडकं हाय!"

सगळे धावत आले. मिस्त्री डोळे चोळत वर पाहत राहिला. मग गरजला, "माह्या हवेच्या पाइपाले टोपी कोणं घातली बे?"

शकुबाईंनी वच्छलाकडे पाहिलं, वच्छलानं माझ्याकडे. बा मात्र पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

"नथ्थूभाऊ?" शकुबाई म्हणाल्या.

"नवं बांधकाम हाय," बा हळूच म्हणाला. "सगळ्यात उंच तेच दिसलं. म्हटलं कोणाची नजर लागाले नको. पोरीसाठी एवढं चांगलं न्हाणीघर होऊन राह्यलं, तं... वाऱ्यानं पडन म्हणून लिंपलो."

"लिंपलो!" मिस्त्री ओरडला. "असं लिंपलं भाऊ, की माह्या बापाले नसतं जमलं!"

मी हसू की रडू असं झालं मला. काल मला 'चाल गावाले' म्हणणारा हा माणूस मडकं गावाहून बसमध्ये मांडीवर घेऊन आला होता! म्हणजे त्यालाही मी इथंच राहावं असं वाटत होतं.

बा स्वतःच शिडीवर चढला. कोणाला चढू देईना. शेणमाती खरवडली, मडकं हलवलं, आणि ते निघालं तसा आत कोंडलेला सगळा धूर फुस्सकन त्याच्या तोंडावर आला. खाली उतरला तेव्हा त्याचं तोंड मडक्यासारखं काळं होतं, फक्त टिपके नव्हते. शकुबाईंनी पदर तोंडाला लावला. वच्छला तर जमिनीवरच बसली.

पाइपातून आता धूर सरळ वर पळसावर निघत होता, आणि न्हाणीत धुराचं नावही नव्हतं. मिस्त्रीनं जाळीत तांब्याभर पाणी ओतून वाकडी नळी पुन्हा भरली.

"नथ्थूभाऊ, आता तुम्हीच वढा."

बानं आधी हात धोतराला पुसले, मग साखळी ओढली. धबाऽऽधबा. आम्ही सगळे जाळीपाशी कान लावून. आवाज नाही. वास नाही. नळीतलं पाणी जरासं डुललं आणि जिथल्या तिथं थांबलं.

"पुन्हा वढू?" बानं विचारलं.

"वढा ना."

त्यानं ओढली. टाकी भरायची वाट पाहिली आणि पुन्हा ओढली. शकुबाई म्हणाल्या, "पुरे आता, वरची टाकी भराले हापशी आम्हाले मारा लागते!"

कोपरा घासून झाल्यावर नारळ फुटला. नजरेचं मडकं दाराच्या चौकटीवर, खिळ्याला टांगलं, हवेच्या पाइपापासून चांगलं लांब. मिस्त्रीनं स्वतः जागा दाखवली.

सोमवारी बा बसला निघाला तो एकटाच. मी फाटकापर्यंत गेले.

"बा, मी राहू ना मग?"

"आता काय विचारून राह्यली? राह्य." तो चार पावलं गेला आणि परत फिरला. "त्या प्रेमिलाच्या बापाले मी सांगतो. तिचीबी पेटी धाडून दे म्हणतो. न्हाणीत गुडगुड नाई, मी स्वतः कान लावून पाह्यलं, असं सांगतो."

आणि तो एवढ्या ऐटीत चालत गेला, जणू सगळे पाइप त्यानंच बसवले होते.