अक्षरी रक्कम

गुणाजींचं दहिसरला वह्या-पेनांचं दुकान. बायको गेल्यापासून बिल करताना ते मुलुंडला दिलेल्या लेकीला, जान्हवीला, फोन लावत. "पेनाला टॅक्स किती गं? आणि वहीला?" मग जेवलात का, गोळी घेतलीत का, असं बोलणं लांबत जाई.

शेवटी वैतागून जान्हवीने ऑनलाइन शीटवर बिलाचा साचाच करून दिला. नवं बिल उघडलं की पुढचा नंबर आपोआप पडे. वस्तू निवडली की वहीला शून्य, पेनाला अठरा टक्के लागत आणि खाली एकूण रक्कम अक्षरी उमटे.

फोनला निमित्तच उरलं नाही. आठवडाभर कळ काढून गुणाजींनी अक्षरी रकमेच्या चौकटीवर सरळ डिलीट दाबलं.

"अगं, अक्षरं येत नाहीत."

"बाबा, फॉर्म्युला उडवलात! थांबा." तिने मुलुंडहूनच दुरुस्त केलं. "जेवलात ना?"

दोन दिवसांनी पेनाचा दर उडाला. मग बिलाचा नंबर.

"आता काळजीच सोडा," तिसऱ्या खेपेला जान्हवी म्हणाली. "सगळे फॉर्म्युले लॉक केलेत. तुम्ही फक्त वस्तू आणि नग भरायचे. काही बिघडणारच नाही. ठेवते हं."

गुणाजींनी अक्षरी रकमेवर पुन्हा डिलीट दाबून पाहिलं. मेलं ढिम्म हललं नाही.