पथ्याची चिठ्ठी

माझ्या लेकीच्या, चिमणीच्या, टाळूत वरच्या दोन पुढच्या दातांमागे एक जादा दात रुतून बसला होता. दंतवैद्यांनी बुधवारी हिरडी उघडून तो काढला आणि दोन टाके घातले. मी शाळेला पत्र लिहिलं: गुरुवार-शुक्रवार विश्रांती, आठवडाभर खेळाच्या तासाला सुट्टी, सात दिवस मऊ आणि कोमट जेवण, कडक किंवा कुरकुरीत काही नाही, स्ट्रॉ नाही. वैद्यांचा कागदही जोडला. घरचा डबा शाळेत चालत नाही. सगळ्या मुलांनी एकच जेवावं असा तिथला दंडक आहे, म्हणून तर एवढी लेखणी झिजवली.

गुरुवारी सकाळी वर्गशिक्षिकेचा फोन.

"ताई, तिला पाठवा हो. वर्गाची हजेरी शंभर टक्के चाललीये. महिनाअखेर ढाल आपल्यालाच मिळणार."

"तोंडात टाके आहेत."

"लिहायचं हातानं असतं ना? बसून राहील एका कोपऱ्यात."

"नाही," मी म्हटलं.

"बघा बाई. एका मुलीमुळे चाळीसजणींची ढाल जाईल," असं म्हणून तिने फोन ठेवला. ढालीच्या काळजीने तिचा आवाज भरून आला होता. टाक्यांबद्दल तिने एकदाही विचारलं नाही.

सोमवारी चिमणी शाळेत गेली. दुपारी एक वाजता फोन आला की तिच्या तोंडातून रक्त येतंय. मी पोचले तेव्हा ती वैद्यकीय खोलीत होती. खोली म्हणजे एक बाकडं आणि वर लावलेला हसऱ्या दाताचा तक्ता. मी दुमडलेला गॉझ जखमेवर दाबून धरला आणि दंतवैद्यांना फोन लावला. अर्धा तास दाब सोडू नका, म्हणाले. तेवढ्या वेळात रक्त थांबलं. एक टाका सैल झाला होता, पण जागेवर होता.

"काय खाल्लंस?"

ती गॉझमधून पुटपुटली, "टोस्ट. कोरडा."

मी ऑफिसात गेले. कारकूनसाहेबांनी माझं पत्र फाईलमधून काढलं. त्यावर तीन शिक्के होते: प्राप्त, पाहिले, कार्यवाही झाली.

"काय कार्यवाही झाली?"

"स्वयंपाकघराला पथ्याची चिठ्ठी गेली."

"पत्र का नाही दिलंत?"

"मूळ कागद ऑफिस सोडून जात नाही. आणि चिठ्ठीत मऊ असा रकाना नाही. साधं आणि पथ्य, दोनच."

"आणि पथ्य म्हणजे काय?"

"ते स्वयंपाकघराला विचारा. आमचं काम खूण करायची." त्यांनी पेनाला टोपण लावलं. त्यांचं दिवसाचं काम संपलं.

तेवढ्यात मुख्याध्यापिका बाहेर आल्या. "आपल्याकडे पद्धत आहे, बाई. तुमचं पत्र जरा लांबच होतं. पालकांनी थोडक्यात लिहावं."

"एका शब्दात लिहिलं असतं, पण त्या शब्दाचा रकाना नव्हता," मी म्हटलं. पत्र उचललं आणि निघाले.

"अहो, तो कार्यालयीन कागद आहे!" कारकूनसाहेब मागून ओरडले.

स्वयंपाकघरात मावशी भलंमोठं पातेलं घासत होत्या. मी विचारलं, "चिठ्ठीवर पथ्य आलं की काय देता?"

"कोरडा टोस्ट आणि बिनमसाल्याचं सूप. पोट बिघडलेल्याला दुसरं काय देणार? गेली नऊ वर्षं देतेय."

"तिचं पोट ठणठणीत आहे. टाळूत टाके आहेत."

मावशींनी हात पुसले आणि पत्र अक्षर न् अक्षर वाचलं. मग त्यांचा चेहरा बदलला.

"बाई गं! मी तर तिला म्हटलं, सगळा खा, मग ताकद येईल. ती मान हलवत होती, आणि मला वाटलं नखरे करतेय." त्या दारात येऊन ठेपलेल्या कारकुनाकडे वळल्या. "हे मला का नाही दाखवलं?"

"चिठ्ठी पुरेशी असते. मावशी, कागद परत द्या, फाईल अपुरी राहील."

"राहू दे की. फाईलला कुठे दात आहेत!"

त्यांनी पत्र फ्रिजच्या दारावर चिकटपट्टीने चिकटवलं. चारही बाजूंनी, नीट. कारकून दारातच उभा राहिला. स्वयंपाकघरात पाय टाकायचा तर डोक्याला टोपी लागते, हाही शाळेचाच नियम, आणि टोपीची मागणी अर्ज करून करावी लागते. थोड्या वेळाने तो दिसेनासा झाला; अर्ज करायला गेला असावा.

मावशींनी बटाटा उकडला, दुधात गुठळी राहणार नाही असा घोटला, आणि थंड व्हायला पंख्याखाली ठेवला. बोट लावून बघितलं, पुन्हा ठेवला. चिमणीने तो चमच्याने, तोंडाच्या एका कडेने, अर्धा तास खाल्ला.

ढाल शेजारच्या वर्गाला गेली. माझं पत्र शुक्रवारपर्यंत फ्रिजवर होतं. त्यावर मावशींनी पेन्सिलीने रोजची खूण केली होती: मऊ, दिलं.