चार वाक्यांची नोटीस

मनोहररावांच्या नोटिशीत एकच वाक्य होतं आणि ते दुसऱ्या पानावर संपत होतं.

बुटीबोरीच्या त्या कापड कारखान्यात आदल्या दिवशी रोलरने एका कामगाराचा हातमोजा गिळला. मोजा ढिला होता, म्हणून हात वाचला. आज दोनच्या पाळीत तेच यंत्र सुशील साफ करणार होता. त्याआधी यंत्रावर नोटीस लागायला हवी होती, आणि अकरा वाजता सेफ्टीतल्या वैभवीच्या टेबलावर येऊन पडलं ते हे: 'सर्व संबंधितांना याद्वारे सूचित करण्यात येते की, सदर यंत्राच्या साफसफाईची प्रक्रिया हाती घेण्यात येत असताना, वीजपुरवठा खंडित करण्यात आलेला असल्याबाबतची खातरजमा करण्यात आल्याशिवाय...'

कोणी काय करायचं ते शोधता शोधता तिचा चहा गार झाला.

तिने लाल पेन काढला. 'करण्यात' नऊ वेळा उडवलं, तेव्हा कुठे काम करणारा माणूस दिसायला लागला. 'खातरजमा' म्हणजे नेमकं काय करायचं, हे खुद्द मनोहररावांना सांगता येईना. ती खाली यंत्रापाशी जाऊन विचारून आली. उरलं ते इतकंच:

'साफ करण्याआधी मेन स्विच बंद करा. त्याला आपलं कुलूप लावा, चावी खिशात ठेवा. सुरू करायचं बटण दाबून पाहा. यंत्र हललं नाही, तरच हात घाला.'

"काय वं, हे नोटीस आहे का बसचं तिकीट?" प्रशासनाचे मनोहरराव कागद उलटून मागे पाहत म्हणाले. "एकतीस वर्षं लिहून राहिलो मी. असा उघडा कागद नाही पाह्यला."

"सर, कामगाराले वाचता आलं पाहिजे ना."

"मले वाचता येते, त्याले काहून नाही येणार?"

त्या कारखान्यात रीत होती: सही करायची तर कागदावर पेन फिरलाच पाहिजे, नाहीतर साहेबांनी वाचलं नाही असं दिसतं. मनोहररावांनी तळाशी 'गांभीर्यपूर्वक' घातलं. प्रॉडक्शनच्या कृष्णकांतसाहेबांनी 'शक्यतो' घातलं. आता यंत्र शक्यतो हललं नाही, तर हात घालायचा होता. एचआरच्या पुष्पलता मॅडमनी 'हसतमुखाने' घातलं.

साडेबारा वाजले. वैभवीला डोकं रोलरमध्ये घालावंसं वाटलं.

मग तिने चार वाक्यं पुन्हा टाइप केली आणि स्वतःच्या हाताने त्यांत घाण केली. 'कृपया', 'सदर', 'याद्वारे'. माणशी एक.

मॅडमनी 'कृपया' खोडलं. कृष्णकांतसाहेबांनी 'सदर' खोडलं. मनोहररावांनी 'याद्वारे'वर दोनदा रेघ मारली. "फालतू शब्द काहून घालतं वं? छोटं लिहीत जाय!"

"चुकलंच, सर," वैभवी म्हणाली. दाढ दुखेपर्यंत दात आवळून.

दोन वाजता वैभवीसमोर सुशीलने ओठ हलवत नोटीस वाचली. स्विच पाडला, कुलूप लावलं, चावी खिशात टाकली, बटण दाबलं. यंत्र ढिम्म. मग हात घातला.

"मॅडम," तो रोलर पुसता पुसताच वैभवीला म्हणाला, "पह्यल्यांदा या कंपनीतली नोटीस वाचून संपली."

ती वर आली तर टेबलावर मनोहररावांचं नवं परिपत्रक. विषय: 'संक्षिप्त लेखनाचे महत्त्व विशद करण्याबाबत'. सहा पानं. वाक्य एक.

वैभवीने लाल पेनचं टोपण काढलं. रिफिल संपली होती.