शून्य किमतीची रजा

नवरा सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासायचा, बायको शाळेत गणित शिकवायची. त्यामुळे घरातले मोठे निर्णय एक्सेलमध्ये व्हायचे. बाटलीबंद पाण्याच्या कंपनीने महिना पन्नास हजार जास्त देऊ केले, तेव्हा बाईंनी रविवारभर खपून तक्ता केला. सतरा वर्षांच्या नोकरीनंतर राजीनामा दिला तर पेन्शनवर पाणी सोडावं लागणार होतं आणि साठलेल्या रजेचे पैसेही निम्मेच मिळणार होते. नवरा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत जगेल असं धरून त्यांनी दोन्हींची आजची किंमत काढली. तरीही कंपनी आठ लाखांनी पुढे.

"जा बाबा बाटलीत!" त्या म्हणाल्या होत्या. "आता नळाचं तोंड बघू नकोस."

तो हसला होता. उत्तर सोमवारी पाचपर्यंत कळवायचं होतं.

सोमवारी सकाळी बाईंनी तक्ता पुन्हा उघडला आणि चक्रावल्या. सरकारी नोकरी चौऱ्याऐंशी लाखांनी पुढे! सूत्र बिघडलं असेल म्हणून एकेक चौकट तपासत गेल्या. सूत्रं ठीक होती. फक्त अठ्ठ्याहत्तरच्या जागी अठ्ठेचाळीस होते, आणि खाली त्यांनी न लिहिलेली एक ओळ होती: नोकरीत असताना मृत्यू, पत्नीला पेन्शन.

नवरा सेहेचाळीसचा होता.

"अरे, हे काय करून ठेवलंयस?"

तो दारात बसून बुटाला पॉलिश करत होता. मान वर न करता म्हणाला, "दुरुस्ती. कंपनीच्या मेडिकलसाठी रक्त दिलं होतं ना, त्यात दिसलं. मग मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो."

"कधी?"

"मागच्या गुरुवारी. दोन वर्षं म्हणाले. औषध लागू पडलं तर."

"आणि तू मला रविवारभर बेरजा करू दिल्यास?"

"तू इतकी रंगली होतीस..." त्याने दुसरा बूट घेतला. "शिवाय मला आकडा हवा होता. मी तिकडे जाऊन मेलो तर तुझ्या हाती पंधरा लाख. इथे मेलो तर नव्याण्णव."

बाईंनी ती वजाबाकी मनात करून पाहिली. बरोबर होती. चूक सापडली असती तर त्याच्या अंगावर ओरडता तरी आलं असतं.

"म्हणजे मरेपर्यंत हजेरी लावणार तू?"

"नोकरी टिकवायला हवी ना."

त्यांची नजर तक्त्यात खाली गेली. आजारपणाची अर्धपगारी रजा: तीनशे दिवस. डॉक्टरांचं सर्टिफिकेट दिलं तर दीडशे दिवस पूर्ण पगार. साठलेल्या हक्काच्या रजेसारखे या रजेचे पैसे हातात येत नव्हते, म्हणून काल त्यांनी समोर शून्य टाकलं होतं.

"दीडशे दिवस पुरतील?" त्यांनी विचारलं.

"जपून वापरले तर."

बाईंनी ते शून्य पुसलं. त्या जागी काय लिहायचं ते सुचेना. शाळेची वेळ झाली, तेव्हा चौकट रिकामीच ठेवून त्यांनी तक्ता बंद केला आणि कंपनीला नकाराचं पत्र लिहायला घेतलं.