हळदीपाऱ्याचा लाल खांब

शुक्रवारी सकाळी कलावतीताई आमच्या ऑफिसात आल्या. त्यांच्या काखेत पिशवी होती आणि पिशवीत वजनाचे रजिस्टर. त्या दिवशी मी आधीच अर्धी झाले होते. रात्रभर आमच्या चिनूला ताप होता. सकाळी सासूबाईंच्या हाती औषधाची बाटली देताना मी तीन वेळा सांगितलं, पाच एमएल, पाच. त्या म्हणाल्या, "हव गं माय, पराग मीच वाढवला ना!" पराग म्हणजे माझा नवरा.

आमची संस्था उरल्याच्या कारखान्यांच्या बाजूला मजुरांच्या मुलांसाठी दहा पाळणाघरं चालवते. आई-बाप लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये शिफ्टला गेले की मुलं आमच्याकडे. प्रत्येक मुलाचं दर आठवड्याला वजन करायचं आणि अ‍ॅपमध्ये भरायचं. किती टक्के मुलांची वजनं झाली त्याचा, दर पाळणाघराला एक खांब असा, तक्ता सोमवारच्या बैठकीत पडद्यावर दाखवायचा. तो तक्ता माझ्याकडे. पूर्वी मी रविवारी चिनूला मांडीवर घेऊन एकेक आकडा हातानं टाकायची. मग एक प्रोग्राम लिहिला. सोमवारी सकाळी सातला ऑफिसातला कॉम्प्युटर आपणहून सर्व्हरवरून ताजे आकडे आणतो, त्या दिवसाच्या तारखेनं त्यांची एक फाईल ठेवतो, प्रेझेंटेशनमधल्या तक्त्यांमागच्या शीटमध्ये ते भरतो आणि सेव्ह करतो. खांब आपोआप वरखाली होतात. माझे रविवार परत मिळाले.

कलावतीताई हळदीपाऱ्याच्या केंद्राच्या प्रमुख. आल्या त्या उभ्याच राहिल्या.

"बसा ना ताई."

"बसून काय करू मॅडम? सोमवारी मले चिठ्ठी भेटणार हाये म्हणते. सलग चार हप्ते लाल. तुमचाच नियम हाय."

नियम आमचा नाही, अच्युत सरांचा. सगळ्यात कमी टक्के असलेला खांब लाल दाखवायचा, आणि जे केंद्र चार आठवडे लाल राहील त्याचा प्रमुख बदलायचा. पण पडद्यावर लाल रंग आणणारी मीच होते, तेव्हा त्यांच्या दृष्टीनं तो माझाच.

"अ‍ॅपमधी भरलं नसन तुमच्या बाईनं," मी म्हणाले. आवाजात चीड होती, हे मलाच ऐकू आलं. मी दरवाज्यावरच्या घड्याळाकडे पाहत होते. चिनूचा ताप मोजायची वेळ झाली होती.

"माझ्या बाईनं काहून नाही भरलं?" त्यांनी रजिस्टर उघडलं. "हे पाहा. अडतीस पोट्टे. पस्तीसचे वजन झाले. तीन गावाले गेले. तीनच!"

अडतीसपैकी पस्तीस. ब्याण्णव टक्के. मी गेल्या सोमवारचं प्रेझेंटेशन उघडलं. दहा खांब, सगळे जवळजवळ एकाच उंचीचे. सरांनी मागेच सांगितलं होतं की खांबांवरचे आकडे काढून टाक, गिचमिड वाटते. सगळे आकडे ऐंशी ते पंच्याण्णवच्या मधले, त्यामुळे नजरेला फरक कळत नाही. फक्त शेवटचा खांब लाल होता. त्याच्याखाली हळदीपारा.

मी तक्त्यावर राइट-क्लिक करून त्यामागची शीट उघडली. हळदीपारा, ब्याण्णव. बरंच वर कुम्हारपारा, त्र्याऐंशी.

मला वाटलं, झोप झाली नाही म्हणून चुकीचं वाचते आहे. बोट ठेवून पुन्हा वाचलं.

"काय झालं?" कलावतीताई विचारत होत्या.

"थांबा ताई. एक मिनिट."

मग मला उमगलं. आधी सर्व्हर आकडे मोठ्याकडून लहानाकडे अशा क्रमानं पाठवायचा. सगळ्यात कमी असलेलं केंद्र शेवटी यायचं. पहिल्यांदा तक्ता बनवताना मी शेवटचा खांब हातानं लाल केला होता. तो रंग केंद्राला नाही, जागेला चिकटलेला. प्रोग्राम फक्त नावं आणि आकडे बदलतो, रंगाला हात लावत नाही. महिन्याभरापूर्वी अ‍ॅपचं नवं रूप आलं आणि यादी नावाच्या क्रमानं यायला लागली. ह शेवटी. हळदीपारा कायमचा शेवटी. म्हणजे त्यांनी शंभर टक्के वजनं केली असती तरी लालच राहिले असते.

आणि मी दर सोमवारी ते उघडून पाहायची. तारीख बरोबर आहे का, तक्ता कोरा तर नाही ना. इतकंच पाहायची.

"ताई," मी म्हणाले, "तुमचं केंद्र लाल नव्हतं. चूक माझ्या प्रोग्रामची आहे."

त्या रागावल्या नाहीत. रजिस्टर बंद केलं. "म्या बैठकीत बोलली होती ना, का वजन झाले म्हणून. सर काय म्हणले? तक्ता खोटं बोलते का म्हणे."

चारही सोमवारच्या फाईली तारखेनिशी ठेवलेल्या होत्या, हे नशीब. प्रोग्राममध्ये मी आधी आकडे स्वतःच क्रमानं लावून घेतले. मग प्रत्येक खांबाचा जुना रंग काढायचा आणि ज्याचा आकडा सगळ्यात कमी तोच लाल करायचा, असं लिहिलं. चारही आठवडे पुन्हा चालवले. लाल खांब दरवेळी वेगळ्या केंद्राचा निघाला. चार आठवडे लाल असं कोणीच नव्हतं. हळदीपारा एकदाही नाही.

अच्युत सरांना केबिनमध्ये जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"मोनाली, जुनी प्रेझेंटेशनं मुख्य ऑफिसला गेली. आता माफीनामे पाठवू का? या सोमवारपासून बरोबर कर. बस्स."

"पण सर, चिठ्ठी?"

"ती काल टाईप झाली. सोमवारी बघू."

"सोमवारी त्यांची बदली होईल सर."

"अरे बाबा, बघू म्हटलं ना! तुझा प्रोग्राम, तुझी चूक, अन् मला घाई करून राहिली?"

घाई होतीच. मी जागेवर आले. फोनवर सासूबाईंचा मेसेज होता, ताप उतरला, खिचडी खाल्ली. मी तो दोनदा वाचला. मग चारही दुरुस्त प्रेझेंटेशनं एका मेलला जोडली आणि लिहिलं, मागच्या चार आठवड्यांचा लाल रंग चुकीचा होता, आकडे बरोबर होते, चूक माझ्या प्रोग्राममधली, कोणत्याही केंद्राची नाही. बैठकीला बसणाऱ्या सगळ्यांना आणि मुख्य ऑफिसलाही पाठवलं. माझा करार मार्चमध्ये संपतो, हे लिहिताना डोक्यात होतं. नव्हतं असं म्हणणार नाही.

सोमवारी चिठ्ठी निघाली नाही. सर बैठकीत कलावतीताईंकडे न पाहता म्हणाले, "हळदीपाऱ्याचं काम चांगलं आहे." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "यापुढे प्रोग्राम दर रविवारी चालेल, मोनाली मॅडम त्याच दिवशी प्रत्येक खांब रजिस्टरच्या फोटोशी पडताळतील आणि त्यांची सही झाल्यावरच प्रेझेंटेशन येईल." मी मान हलवली. दहा केंद्रं, दहा फोटो. चिनूला पुन्हा मांडीवर घेऊन.

बैठकीनंतर मी जिन्यात कलावतीताईंना गाठलं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. "माफ करा ताई," एवढंच निघालं.

त्या चप्पल सरळ करत होत्या. "महिनाभर माझ्या हाताखालच्या पोरी माझ्याशी कशा बोलून राहिल्या होत्या, तुमाले नाही मालूम. घरी पोट्टी विचारे, माय, तुयी नोकरी जाईन का? रोज विचारे." त्यांनी पिशवी खांद्यावर घेतली. "आता तिले सांगतो का मशीन चुकली होती. ते नाही समजनार तिले. तिले वाटनार का माय लपवून राहिली."

"मी येऊन सांगू का तिला?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. हसल्या नाहीत.

"या," त्या म्हणाल्या. "रजिस्टरचा फोटोबी मंग तवाच काढजा."